सोबत: नऊ चौकोन

साताऱ्यात अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीने एका मराठी दैनिकाच्या संपादकांना पत्र लिहायला घेतले. मागणी साधी होती. रविवारच्या पुरवणीत आठवड्यातून एकदा शब्दांच्या कोड्यांचे सदर सुरू करावे, एवढीच. मागणीपत्र कसे लिहायचे हे तिला दहावीच्या कृतिपत्रिकेमुळे पाठ होते. उजवीकडे दिनांक, मग प्रति, मा. संपादक, मग विषय, मग महोदय, आणि शेवटी ‘कळावे, आपली नम्र’. नावाच्या जागी परीक्षेतल्या सवयीने तिने आधी ‘अ. ब. क.’ असेच लिहून टाकले होते.

मधला मजकूरही परीक्षेचाच होता. शब्दसंपत्ती वाढते, भाषेची गोडी लागते, मुले मोबाइलपासून दूर राहतात. तिच्या शेजारी एक निवृत्त मुद्रितशोधक राहतात. आयुष्यभर इतरांच्या चुकांवर लाल शाई फिरवलेला माणूस. त्यांनी पत्र वाचले आणि परत दिले. “पैकीच्या पैकी मार्क मिळतील अगं, पण सदर नाही मिळणार. अशी पत्रं वाचकांच्या पत्रव्यवहारात छापतात आणि विसरतात. त्यांच्याकडे शब्दकोडं आधीच येतं रोज. तुझं कोडं वेगळं काय ते दाखव ना. एक तरी करून जोड.”

वरवर पाहता हा सल्ला सोपा वाटतो. पण मराठीत एक कोडे स्वतः रचायला बसले की पहिल्या पाच मिनिटांतच एक प्रश्न आडवा येतो. एका चौकोनात काय लिहायचे?

इंग्रजीत तो प्रश्न कुणाला पडत नाही. आर्थर विन या लिव्हरपूलच्या माणसाने 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवारच्या अंकात आपले पहिले शब्दकोडे छापले. त्याचा आकार शंकरपाळ्यासारखा होता. त्यात एका घरात एक अक्षर बसत होते आणि अशी अक्षरे एकूण सव्वीसच होती. मराठीत ‘विद्यार्थी’ हा शब्द घेऊन बघा. उच्चारताना त्याचे तीन तुकडे पडतात: वि, द्या, र्थी. म्हणून त्याला तीन चौकोन लागतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार हे सगळे त्या त्या अक्षराबरोबर एकाच घरात राहतात. जोडाक्षरही मोडायचे नाही. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, म्हणून तो पुढच्याच घरात जातो. ‘वर्ग’ म्हणजे व आणि र्ग. ‘महाराष्ट्र’ केवळ चार चौकोनांत मावतो.

संगणकाला मात्र हे आपोआप कळत नाही. या मुलीने आधी इंग्रजी कोडी बनवून देणारे एक साधन वापरून पाहिले. त्यात ‘विद्यार्थी’ टाकल्यावर त्याने दहा घरे मांडली. संगणकाच्या दृष्टीने व वेगळा, वेलांटी वेगळी, पाय मोडल्याची खूण वेगळी, काना वेगळा. मोजले की बरोबर दहा. एका घरात नुसती वेलांटी लोंबकळताना दिसली की समजावे, ते साधन देवनागरीसाठी बनलेले नाही. तिने ते बंद केले आणि गणिताची चौकटीची वही काढली.

सर्वांत लहान कोडे म्हणजे तीन बाय तीनचा भरीव चौरस. त्यात काळे घर एकही नसते. आडव्या तीन ओळी हे तीन शब्द आणि उभ्या तीन ओळी हेही शब्दच. तिचा पहिला चौरस असा झाला:

न | ग | र
ग | व | त
र | त | न

आडवे वाचा किंवा उभे वाचा, नगर, गवत, रतन. तिला वाटले, जमले. काकांनी तिसऱ्या शब्दावर बोट ठेवले. “रतन कोण म्हणतं मराठीत? नाव असतं माणसाचं. आपण रत्न म्हणतो, आणि ते दोन घरांत बसतं.” मग तिला ‘रतीब’ सुचला. दूधवाल्याचा रोजचा रतीब. तीन घरे, र, ती, ब. पण आता मधल्या घरात ‘त’ऐवजी ‘ती’ आली, म्हणजे वरच्या ओळीतल्या ‘गवत’लाही त्या घरात ‘ती’ घ्यावी लागली. ‘गवती’ असा शब्द आहे का? आहे, गवती चहातला. चौरस वाचला:

न | ग | र
ग | व | ती
र | ती | ब

मराठी कोड्याची खरी अडचण या एका घरात दिसते. इंग्रजीत दोन शब्दांना एकाच टी वर भेटता येते. मराठीत त, ता, ति, ती, तु, तू, ते, तो ही सगळी निरनिराळी घरे आहेत. उभ्या शब्दाला ‘त’ हवा आणि आडव्याला ‘ती’ हवी असेल, तर दोघांचे जमणार नाही. तीसहून अधिक व्यंजने, प्रत्येकाची बाराखडी, त्यावर जोडाक्षरे. एका घरात बसू शकणाऱ्या गोष्टींची संख्या कित्येक शेकड्यांत जाते. त्यामुळे एकमेकांना छेदणारे शब्द सापडणे इंग्रजीपेक्षा अवघड होते. मराठी शब्दकोड्यांत काळी घरे जास्त आणि शब्द आखूड का दिसतात, त्याचे कारण रचणाऱ्याचा आळस हे नसून ही बाराखडी आहे.

काहीजण यावर पळवाट सुचवतात की छेदणाऱ्या घरात फक्त व्यंजन जुळले तरी चालवून घ्यावे. रचणाऱ्याचे काम त्याने फारच हलके होते. पण सोडवणाऱ्याचा आधार जातो, कारण एका शब्दावरून दुसऱ्याचे अक्षर पक्के होत नाही, आणि ते पक्के होणे हीच तर या खेळातली मजा. शिवाय ह्रस्व-दीर्घाची शिस्तही सुटते. लहानपणी सगळ्यांनी म्हटलेले ‘चिमा काय कामाची’ उलट्या बाजूने वाचून बघा. सुरुवातीला ‘चि’ आहे आणि शेवटी ‘ची’. कडक नियमाने ते उलटसुलट सारखे राहत नाही. ‘रामाला भाला मारा’ आणि ‘ती होडी जाडी होती’ मात्र घर न घर तपासले तरी टिकतात. तिने सदराच्या नियमांत लिहिले: वेलांटी आणि उकार मोजले जातील. मुद्रितशोधक काकांना हे वाक्य फार आवडले, हे सांगायला नको.

वेलांटी मोजायची म्हटल्यावर ती कोणती बरोबर मानायची, हेही ठरवावे लागते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक अठरा नियम इथे कामाला येतात. त्यानुसार शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा: कवी, गुरू. पण समासात पहिले पद असेल तर मूळचा ह्रस्व परत येतो: कविवर्य, गुरुवार. सोडवणारा ‘कवि’ लिहील आणि खालचा शब्द अडेल, अशी जागा रचतानाच टाळलेली बरी. ज्या घराबद्दल दोन शिकलेल्या माणसांत वाद होऊ शकतो, त्या घरावर दुसरा शब्द टेकवू नये.

नगर, गवती, रतीब हा चौरस मात्र काकांनी पुन्हा परत केला, आणि यावेळी हरकत गंभीर होती. त्यात उभे शब्द आणि आडवे शब्द तेच होते. म्हणजे शोधसूचना सहा नसून तीनच. एखादा शब्द अडला तर त्याला दुसरीकडून मदत मिळणारच नाही, कारण दुसरीकडेही तोच उभा. कोड्यात छेद देण्याचा उपयोग असा असतो की एक शब्द येत नसेल तर दुसऱ्या तिघांनी त्याला ओढून आणावे.

मग सहा वेगळे शब्द असलेला चौरस शोधणे सुरू झाले. रचणारे लोक हे काम असे करतात: वरची ओळ ठरवायची आणि तिच्या प्रत्येक घराखाली, त्या अक्षरापासून सुरू होणाऱ्या शब्दांची यादी करायची. तिने वर ‘कविता’ लिहिली. ‘क’खाली कमान, कपट, कळप, कमाल, कसर. ‘वि’खाली विषय, विजय, विहीर, विकास, विरह. ‘ता’खाली तारण, ताकद, तालीम, तामस, तारीख. आता या तीन याद्यांतून एकेक शब्द असा उचलायचा की त्यांची दुसरी अक्षरे मिळून मधली ओळ बनेल आणि तिसरी मिळून खालची.

कमानचा ‘मा’, विहीरचा ‘ही’, तामसचा ‘म’ घेतला आणि मधोमध ‘माहीम’ उभे राहिले. याद्या करायला बसले की असा आनंद अचानक होतो. पण खालच्या ओळीत ‘नरस’ आले, आणि असा शब्द नाही. कमाल घेतला तर ‘लरस’. शेवटी कमानचे ‘कमानी’ केले तेव्हा खाली ‘नीरस’ बसला. चौरस पूर्ण झाला:

क | वि | ता
मा | ही | म
नी | र | स

कागदावर चूक काढता येणार नाही, पण या कोड्यात तडजोड झालेली दिसते. माहीम हे गावाचे नाव. मुंबईकराला ते सहज येईल, गोंदियातल्या आठवीच्या मुलाने ते का ओळखावे? आणि ‘कमानी’ अनेकवचन आहे ते केवळ ‘नीरस’ बसवण्यापुरते. उत्तर शक्यतो मूळ रूपात असावे, विभक्तीचा प्रत्यय लावून शब्द लांबवू नये, अनेकवचन अगदीच नाइलाज असेल तर, असा संकेत पाळला नाही तर मराठीत काहीही कशातही बसवता येते. मग सोडवणाऱ्याला रचणाऱ्याची सोय ओळखत बसावे लागते.

म्हणून मधली ओळ पुसली. ‘तामस’ आणि ‘विहीर’ गेले. ‘ता’खालच्या यादीतल्या ‘र’कडे लक्ष गेले, ‘वि’खाली ‘क’, ‘क’खाली ‘म’. मकर! आणि त्यातून खालची ओळ अशी निघाली की हा चौरस पत्राला जोडायचा हे दोघांनाही लगेच पटले:

क | वि | ता
म | क | र
ल | ट | का

आडवे कविता, मकर, लटका. उभे कमल, विकट, तारका. सहाही शब्द वेगळे, सहाही रोजच्या वाचनातले, विशेषनाम एकही नाही.

आता शोधसूचना. यातही एक धडा होता. ‘कमल’साठी तिने लिहिले, ‘चिखलात उगवणारे फूल’. बहुतेक मराठी माणूस यावर ‘कमळ’ लिहील, आणि तोही तीन घरांचाच शब्द. मग कोडे चुकीचे ठरते का? नाही, कारण शेवटचे घर खालच्या ओळीचे पहिले घर आहे. तिथे ‘ळ’ ठेवला तर आडवा शब्द ‘ळटका’ होतो. मराठीत शब्दाची सुरुवात ळ ने होत नाही, हे ज्याच्या लक्षात येईल तो स्वतःच खोडून ‘ल’ लिहील. दोन उत्तरे शक्य आहेत, पण बाकीच्या घरांकडे पाहिले की एकच उरते. असे घर कोड्यात असले तर बरेच असते. जिथे बाकीचे शब्दही निवाडा करू शकत नाहीत, ते घर मात्र वाईट.

बाकीच्या सूचना तिने अशा केल्या. कविता: ओळी थोड्या, मानधन त्याहून थोडे. मकर: संक्रांतीला सूर्य जिच्यात शिरतो ती रास. लटका: हा राग खरा नसतो. विकट: खलनायकाच्या हास्याआधी येणारे. तारका: आकाशातही असते, पडद्यावरही. मानधनाची कोपरखळी संपादकाला झोंबेल का, असा विचार तिने केला आणि ती तशीच ठेवली.

तपासणीची पद्धत काकांनी सांगितली ती अशी. रचताना न पाहिलेल्या दोन माणसांना कोडे द्यायचे आणि शेजारी गप्प बसायचे. ते कुठे थांबतात तेवढे टिपायचे. दोघेही एकाच घरात थांबले तर दोष सूचनेचा. दोघांनी दोन वेगळी उत्तरे पूर्ण केली तर चौरसच रद्द. रचणाऱ्याला आपले उत्तर माहीत असल्यामुळे त्याला दुसरे दिसत नाही, म्हणून स्वतः तपासून भागत नाही.

पत्रात याशिवाय दोनच कल्पना मांडल्या आहेत. एक म्हणजे शब्दांची शिडी. ‘ॲलिस इन वंडरलँड’ लिहिणाऱ्या लुइस कॅरलने 1879 मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ या साप्ताहिकात हा खेळ चालवला होता. दोन शब्द द्यायचे आणि एका वेळी एकच अक्षर बदलत पहिल्यावरून दुसऱ्यावर जायचे. वाटेतला प्रत्येक शब्द अर्थाचा हवा. तिचा नमुना: मगरीला गाजर खायला घाला. मगर, नगर, नजर, गजर, गाजर. शेवटच्या पायरीत ‘ग’चा ‘गा’ झाला. मराठीत नुसता काना वाढला तरी ते घर बदलले, असे धरायचे. त्यामुळे बाराखडी इथे अडथळा न होता मदतीला येते. चौरसात ज्या गोष्टीने डोके उठवले, तीच शिडीत हाताशी येते, म्हणून ही कोडी भराभर रचता येतात. एखाद्या आठवड्यात चौरस जमला नाही तर शिडी द्यावी, असे तिचे गणित आहे.

दुसरी कल्पना लपलेल्या शब्दांची. सूचना वाचताना जो अर्थ समोर येतो तो फसवा असतो आणि उत्तर त्याच वाक्याच्या अक्षरांत दडलेले असते. ‘मामाकडे गेल्यावर दिसतील ही जनावरे (3)’. मुले प्राणिसंग्रहालयाचा विचार करू लागतात. ‘मामाकडे’ हा शब्द सावकाश वाचला की मा, माकडे. कंसातला आकडा घरांचा असतो, आणि मराठीत तो देणे फार आवश्यक आहे. (अनेकवचनाला इथे तिने सूट घेतली आहे, सूचनेत ‘ही जनावरे’ असल्यामुळे ती चालावी.) किंवा हे बघा: ‘सापामागून पाण्याचा लोंढा, तरी इथली संत्री प्रसिद्ध (4)’. नाग आणि पूर. अशा कोड्यात उत्तर बरोबर आले की ते बरोबर आहे याची खात्रीही आपोआप पटते, दुसऱ्या दिवशीच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही.

बक्षिसाबद्दल काय लिहावे यावर मात्र तिला अडायला झाले, आणि इथे जुना इतिहास उपयोगी पडला. कोड्यांच्या बक्षिसांवरून मुंबई राज्यात एके काळी मोठा खटला झाला होता. बंगळूरहून निघणारे ‘स्पोर्टिंग स्टार’ हे साप्ताहिक मुंबई राज्यातही खपत असे आणि त्यातून आर.एम.डी. चमारबागवाला यांच्या प्रवेश फी असलेल्या शब्दकोडे स्पर्धा चालत. मुंबई राज्याने 1948 मध्ये अशा स्पर्धांवर नियंत्रण आणणारा कायदा केला होता. केंद्राने 1955 मध्ये बक्षीस स्पर्धांचा कायदा केला. त्यात एका महिन्यातल्या बक्षिसांची एकूण रक्कम हजार रुपयांच्या पुढे जायला बंदी आली आणि एका स्पर्धेतल्या प्रवेशिकांवर दोन हजारांची मर्यादा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1957 मध्ये निकाल लागला. ज्यात यश मुख्यतः कौशल्यावर ठरते तो व्यवसाय, ज्यात ते नशिबावर ठरते तो जुगार, अशी रेघ न्यायालयाने ओढली.

कोडे रचणाऱ्याच्या दृष्टीने ही रेघ कुठे पडते ते सहज दिसते. एका घरात दोन अक्षरे सारखीच बरोबर बसत असतील आणि त्यातले कोणते ‘अधिकृत’ हे रचणाऱ्याने आधीच ठरवून बंद ठेवले असेल, तर सोडवणाऱ्याने कितीही डोके चालवले तरी शेवटी त्याला अंदाजच बांधायचा असतो. कमळ-कमलसारखी शंका कोड्यातच मिटत असेल तर ते कौशल्य. ती लखोट्यातल्या उत्तराने मिटवावी लागत असेल तर ती सोडत. तिने पत्रात लिहिले की प्रवेश फी नसावी, उत्तर पाठवणाऱ्यांना पैसे देऊ नयेत, फार तर एखादे पुस्तक द्यावे. आणि एखाद्या वाचकाने कोड्याचे दुसरे पूर्ण उत्तर काढून दाखवले तर ते पुढच्या रविवारी रचणारीची चूक म्हणून छापावे.

पत्राचा शेवटचा परिच्छेद तिने व्यवहाराला दिला. वर्षभराचे वचन देऊ नये, हे काकांचे मत. सदर सुरू करणे सोपे, पण नवव्या-दहाव्या आठवड्याला शब्द संपतात आणि तेच ते मकर-कविता फिरून येऊ लागतात. म्हणून तिने फक्त बारा आठवडे मागितले. त्यातले चार तयार आणि तपासलेले. उरलेल्या आठांपैकी अर्धे तरी वाचकांनी रचलेले असावेत, नियम पहिल्याच रविवारी छापून. कोडे छापण्यासाठी चित्र म्हणून पाठवायचे, मजकूर म्हणून नव्हे, कारण टंक बदलला की वेलांटी शेजारच्या घरात सरकते आणि मग सोमवारी फोन येतात. उत्तर त्याच अंकात उलटे न छापता पुढच्या अंकात द्यावे, म्हणजे कुणाला आठवडाभर ‘ळटका’शी झगडता येईल.

सगळे लिहून झाल्यावर पत्र एका पानाचे भरले. काकांनी त्यात दोन अनुस्वार घातले, एक काढला, आणि ‘अ. ब. क.’ खोडून तिथे तिला स्वतःचे नाव लिहायला सांगितले.